१.६ मध्ये मॅगझिन आत गेलेलं दिसतं, तरी काउंटरवर आठच गोळ्या

अनगोळकर_अवी

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत टिळकवाडीत एका मित्राच्या घरी लॅन लावलं होतं, गेम काउंटर-स्ट्राइक १.६. मी एरवी सीएस२ खेळतो, त्यामुळे हातांना तिथलीच सवय. एके घेऊन दोघांना पाडलं, मॅगझिनमध्ये ८ गोळ्या उरल्या, R दाबला. नवीन मॅगझिन बंदुकीत बसलेलं डोळ्यांनी बघितलं, खटका ओढायचा तेवढा राहिला होता. सवयीने Q दोनदा दाबून ते उरलेलं ॲनिमेशन कापलं. एके परत हातात आली आणि काउंटरवर ८! पहिल्यांदा वाटलं घाई झाली असेल. मग मुद्दाम जवळजवळ शेवटपर्यंत थांबून बघितलं, तरी तेच.

सीएस२ मध्ये मॅगझिन बसलं की गोळ्या आपल्या होतात, पुढचं ॲनिमेशन कापलं तरी चालतं. इथे असं का? बाय मेनूमध्ये बंदुकीचा देश, कॅलिबर, वजन, गोळीचा वेग सगळं लिहिलंय, पण रिलोडला किती वेळ लागतो याचा पत्ता नाही.

खानापूर_बंटी

अवी, तुझ्याकडे ओरिजिनल मॉडेल आहे म्हणून असं होतंय. आमच्या कॅफेत एकेचं वेगळं स्किन टाकलंय, त्यात रिलोड लई फास्ट आहे. मॅगझिन काढलं, घातलं, संपलं. `v_ak47.mdl` बदल, काम झालं.

शहापूर_मॅग्नम

सर्व्हरवर प्लगिन असणार बघ. एएमएक्स लावून लोक काय काय करतात. होस्ट कोण होता ते आधी सांग.

उद्यमबाग_फिटर

प्लगिन नाही, आणि स्किनचाही संबंध नाही. बंटी, तुझं अर्धं बरोबर आहे: स्किन बदललं की रिलोड फास्ट *दिसतं*. `v_ak47.mdl` म्हणजे फक्त तुझ्या स्क्रीनवरचं चित्र. बंदूक कधी भरली हे चित्र ठरवत नाही, सर्व्हरवरच्या गेमच्या डीएलएलमधला आकडा ठरवतो. त्या डीएलएलचा उलगडून परत लिहिलेला सोर्स ReGameDLL या नावाने उघडा आहे, कुणीही वाचावा. एकेचा आकडा हा:

```
const float AK47_RELOAD_TIME = 2.45f;
```

R दाबल्यावर गेम एवढंच करतो: "हा माणूस आता २.४५ सेकंद गोळी झाडू शकत नाही" असं लिहून ठेवतो आणि ॲनिमेशन चालू करतो. तो वेळ पूर्ण संपला, आणि तोवर मधे बंदूक बदलली नसली, तरच गोळ्या मोजून मॅगझिनमध्ये टाकतो. मधे कुठेही "मॅगझिन बसलं" अशी खूण नाही. त्यामुळे तू २.४० ला Q दाबलास तरी गेमच्या लेखी तू काहीच भरलेलं नाहीस. आठच्या आठ.

सीएस२ मध्ये वेळा दोन आहेत: एक गोळ्या जमा होण्याची, दुसरी गोळी सुटू शकण्याची. तू कापतोस तो या दोन्हींमधला तुकडा. १.६ मध्ये दोन्ही वेळा एकच आहेत, म्हणून कापायला तुकडाच नाही.

आता स्किनचं. समजा बंटीच्या स्किनचं ॲनिमेशन दीड सेकंदात संपतं. उरलेला वेळ बंदूक शांत दिसते, तो ट्रिगर दाबतो, गोळी सुटत नाही, आणि तो माऊसला शिव्या देतो. बंटी, खरं सांग, असं होतं की नाही?

खानापूर_बंटी

होतं की 😅 आम्ही म्हणायचो कॅफेवाल्याने माऊस बदलायला पाहिजे.

उद्यमबाग_फिटर

माऊस बिचारा बरोबर आहे. ओरिजिनल मॉडेल परत टाक. त्याचं ॲनिमेशन निदान आकड्याच्या जवळपास तरी चालतं, डोळ्यांना वेळेचा अंदाज येतो.

येळ्ळूर_सर

मी या खेळांतला नाही, मुलगा खेळतो म्हणून धागा वाचला. प्रश्न असा की आठ गोळ्या शिल्लक असताना मॅगझिन बदललं तर त्या आठ वाया जातात का? मुलाला सांगत होतो की पूर्ण संपल्याशिवाय बदलू नये, काटकसर बरी.

उद्यमबाग_फिटर

नाही सर, वाया जात नाहीत. १.६ मध्ये आठ तशाच राहतात, वर २२ साठ्यातून घेतल्या जातात. मॅगझिन पूर्ण रिकामं असलं तरी वेळ तेवढाच, २.४५. त्यामुळे या खेळात काटकसर गोळ्यांची नाही, वेळेची. मुलाला सांगा, आडोसा असेल तेव्हा भरून घे.

अनगोळकर_अवी

फिटरदादा, कळलं. म्हणजे १.६ मध्ये रिलोड कॅन्सल हा प्रकारच निरुपयोगी?

उद्यमबाग_फिटर

गोळ्या वाचवायला निरुपयोगी. जीव वाचवायला नाही. इथेच बहुतेक जण गडबडतात, म्हणून तुझंच उदाहरण घेऊन सविस्तर लिहितो.

आधी एक आकडा ध्यानात ठेव. कुठलीही बंदूक हातात घेतली की ती झाडता येईपर्यंत ०.७५ सेकंद जातात. एके, एम४, पिस्तूल, सगळ्यांना जवळपास हाच नियम. मॅग्नम म्हणजे एडब्ल्यूपी वेगळी, तिचं नंतर. आणि जुनी बंदूक *ठेवायला* १.६ मध्ये वेळ लागत नाही, की दाबली की ती गेली. म्हणून Q-Q करून एके परत घेतलीस तर दोन वेळा ०.७५ मोजायचे नाहीत. पहिली मोजणी अर्धवट सुटते, दुसऱ्या Q पासून नवीन चालू होते. दोन Q मधलं अंतर माणसागणिक वेगळं, आपण ०.१५ धरू. म्हणजे Q-Q ची किंमत साधारण ०.९ सेकंद, आणि हातात जुन्याच ८ गोळ्या.

आता शत्रू कधी दिसला त्यावर सगळं आहे.

R दाबून १ सेकंद झाला आणि तो कोपऱ्यावर आला. रिलोड पूर्ण व्हायला अजून १.४५. पिस्तूल ०.७५ मध्ये, एके परत ०.९ मध्ये. इथे मी Q-Q करीन. पिस्तुलापेक्षा किंचित उशीर, पण हातात एके, आणि चिलखतवाल्याला छातीत ४ गोळ्या पुरतात. आठ आहेत, म्हणजे निम्म्या चुकल्या तरी चालतं.

तोच शत्रू २ सेकंद झाल्यावर दिसला, तर रिलोड संपायला ०.४५ राहिलेत. आता पिस्तूल काढलं तर ०.७५, म्हणजे तू स्वतःहून ०.३ सेकंद जास्त घेतलेस आणि वर भरत आलेलं मॅगझिनही घालवलंस. घाबरून Q दाबणारे इथेच मरतात.

सीमा कुठे, ते वजाबाकी सांगते: २.४५ मधून ०.७५ गेले की १.७०. त्याआधी पिस्तूल फायद्याचं, त्यानंतर थांबणं फायद्याचं. Q-Q साठी १.५५. एम४चं रिलोड ३.०५ आहे, म्हणून तिथे पिस्तुलाची सीमा २.३० वर जाते. एकेवरून एम४वर गेलेला माणूस जुन्याच अंदाजाने "झालंच आता" म्हणून थांबतो आणि पडतो, कारण त्याच्या डोक्यातलं घड्याळ एकेचं असतं.

पण हे सगळं आडोसा असेल तेव्हाचं बोलणं. एकेच्या दोन गोळ्यांमधलं अंतर ०.०९५५ सेकंद आहे, म्हणजे समोरच्याच्या चार गोळ्या ०.२९ सेकंदात निघतात. तुझं पिस्तूल निघेपर्यंत त्याचं काम दोनदा होऊन जातं. उघड्यावर उभा असशील तर कुठलं बटण दाबावं हा प्रश्नच उरत नाही. म्हणून आधी पाय भिंतीमागे, मग बोट Q वर.

माझं काम मशीनवर आहे, म्हणून मला हे लवकर पटलं. व्हीएमसीच्या कॅटलॉगमध्ये स्पिंडलचा आरपीएम ठळक छापतात, पण दिवसाला किती पार्ट निघणार हे टूल चेंजला किती वेळ जातो त्यावर ठरतं. तसंच इथे.

निपाणी_स्वाती

दादा, छान लिहिलंय. पण माझ्याकडे पीसी नाही, मी बीजीएमआय खेळते. तिथे सोर्स नाही. मग कसं कळणार की गोळ्या मधेच जमा होतात की शेवटी? मी एम४१६ वापरते, भाऊ म्हणतो क्विकड्रॉ मॅग लावलं की प्रश्नच मिटतो.

उद्यमबाग_फिटर

स्वाती, क्विकड्रॉने एकूण वेळ कमी होतो, पण तुझा प्रश्न तसाच राहतो. सोर्स नसला तरी मोजता येतं. ट्रेनिंग ग्राउंडमध्ये जा, स्क्रीन रेकॉर्डिंग लाव, थोड्या गोळ्या झाडून रिलोड कर आणि रिलोड चालू असताना फायरचं बटण दाबून ठेव. मग तो व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघ. तीन फ्रेम शोधायच्या: रिलोडचं बटण दबलं ती, काउंटरवरचा आकडा बदलला ती, आणि नळीच्या तोंडाशी पहिला जाळ दिसला ती. दुसरी आणि तिसरी जवळजवळ चिकटून आल्या, तर कापायला काही नाही. मधे भरपूर फ्रेम असल्या, तर तिथे कॅन्सलला जागा आहे.

मग खात्री करायला उलटी परीक्षा: आकडा बदलल्याबरोबर बंदूक बदल आणि परत ये. आकडा टिकला का बघ. कधीकधी स्क्रीनवरचा आकडा आधी बदलतो आणि सर्व्हर तो नंतर मागे घेतो.

निपाणी_स्वाती

करून बघितलं, पण प्रत्येक वेळी वेगळं येतंय. एकदा जास्त फ्रेम, एकदा कमी. माझ्या फोनचं रेकॉर्डिंग ३० एफपीएसचं आहे.

उद्यमबाग_फिटर

मग बरोबर आहे. ३० एफपीएसला एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची. सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे एकेक फ्रेम इकडेतिकडे होणार. शिवाय फोनचा रेकॉर्डर गरम झाला की फ्रेम गाळतो, आणि मोजणारा सगळ्या फ्रेम सारख्याच लांबीच्या धरतो. दुसरा फोन असेल तर स्लो-मोशनमध्ये, २४० वर, पहिल्या फोनची स्क्रीन शूट कर. कॅमेऱ्याची एक फ्रेम ४ मिलिसेकंदांची होते. फोनची स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर तेच चित्र चार चार फ्रेम दिसेल, म्हणजे १७ मिलिसेकंदांपेक्षा बारीक काही मिळणार नाही. तेवढं पुरे. एका मापावर जाऊ नकोस, पुष्कळ घे आणि मधलं धर.

निपाणी_स्वाती

भावाचा फोन मिळाला की करते. तो देईल तेव्हा खरं 🙂

शहापूर_मॅग्नम

आता मॅग्नमवर बोला. सीटीमध्ये बी-४-६ मारून आयुष्य गेलं आमचं. शॉट मारला की Q-Q, आणि दुसरा शॉट लवकर बसतो. कॅफेत सगळे असंच मारायचे. तुमच्या हिशोबात ते कुठं बसतं?

उद्यमबाग_फिटर

बसत नाही, हाच तर घोळ आहे. एडब्ल्यूपीची गोळी सुटल्यावर पुढची गोळी १.४५ सेकंदांनी. आणि एडब्ल्यूपी हातात घेतल्यावर पहिली गोळी? तीही १.४५. बाकीच्यांना ०.७५, हिला मुद्दाम जास्त. म्हणजे शॉट मारून नुसता उभा राहिलास तर १.४५ मध्ये तयार. Q-Q केलंस तर दुसऱ्या Q पासून परत १.४५, एकूण साधारण १.६ किंवा जास्त. Q-Q ने शॉट लवकर नाही, उशिरा येतो.

शहापूर_मॅग्नम

असं कसं ओ? मग सगळे वेडे होते काय? मी स्वतः मारलंय. लवकर येतो म्हणजे येतो.

उद्यमबाग_फिटर

वेडे नव्हते. फायदा होता, पण शॉटचा नाही. झूममध्ये मारलं की गेम तुला आपोआप परत झूममध्ये नेतो. झूममध्ये चालायचा वेग १५०. चाकू हातात असला तर २५०, नुसती एडब्ल्यूपी असली तर २१०. Q दाबून तू झूममधून सुटतोस, चाकूवर दोन पावलं पळतोस, आडोशाला जातोस. समोरच्याची गोळी तू होतास तिथे जाते. तू वाचतोस, दुसरा शॉट मारतोस, आणि डोक्यात बसतं की "लवकर आला".

   

रिलोडमध्ये तर आणखी वाईट. एडब्ल्यूपीचं रिलोड २.५, काढायला १.४५. तिला Q-Q करून परत घेणं पहिल्या सेकंदाच्या आतच परवडतं. त्यानंतर १.७५ पर्यंत सरळ पिस्तूल, पुढे थांबावं.

शहापूर_मॅग्नम

पळायचं पटलं. शॉटचं नाही पटलं. आम्ही १.५ वर पण खेळलोय, तेव्हा वेगळं असेल. तुमचा सोर्स १.६चा, तोही उलगडून लिहिलेला.

उद्यमबाग_फिटर

१.५ ची फाइल माझ्याकडे नाही, त्यावर भांडत नाही. १.६ चं तू स्वतः बघ: सर्व्हर लाव, `record magnum` टाइप कर, एकदा उभं राहून दोन शॉट, एकदा Q-Q करून दोन शॉट, मग `stop`. डेमो परत लावून स्टॉपवॉच धरलंस तरी फरक कळेल.

शहापूर_मॅग्नम

रविवारी बघतो. हरलात तर कुंदा तुमच्याकडून.

खानापूर_बंटी

मला वेगळाच प्रॉब्लेम आहे. आमच्या कॅफेत एका पीसीवर पिस्तूल लई उशिरा येतं. २ दाबलं की आधी मेनू उघडतो, मग यायला वेळ. दुसऱ्या पीसीवर लगेच. हे पण त्या ०.७५ मुळे काय?

अनगोळकर_अवी

बंटी, २ दाबल्यावर पिस्तुलाचं नाव स्क्रीनवर येतं आणि क्लिक केल्यावर बंदूक बदलते का?

खानापूर_बंटी

होय होय, तसंच.

अनगोळकर_अवी

मग ते गेमचं घड्याळ नाही, सेटिंग आहे. फास्ट स्विच बंद आहे. कन्सोल उघड आणि टाक:

```
hud_fastswitch 1
bind "q" "lastinv"
```

आता २ दाबलं की सरळ पिस्तूल. क्लिकची वाट बघायला लागणार नाही.

उद्यमबाग_फिटर

शाब्बास अवी. आणि बंटी, तुझ्या बाबतीत हा उशीर ०.७५ च्या *आधी* लागतो. २ दाबून, नाव बघून, क्लिक करेपर्यंत माणसाचा पाव सेकंद आरामात जातो. वर मी दिलेल्या १.७० च्या सीमेतून तेवढे वजा कर. म्हणजे त्या पीसीवर बसलास तर साधारण १.४५ नंतर पिस्तूल काढणं तोट्याचं. एकाच गेममध्ये एकाच बंदुकीचं उत्तर पीसीगणिक बदलतं ते असं.

अनगोळकर_अवी

दादा, मग सीएस२ सोडून अजून कुठल्या गेममध्ये कापून फायदा होतो? घरी कॉल ऑफ ड्यूटी ४ पण आहे.

उद्यमबाग_फिटर

तिथे होतो. त्याच्या मॉड टूल्समधली बंदुकीची फाइल उघडून बघ. `reloadTime` वेगळं आणि `reloadAddTime` वेगळं लिहिलेलं सापडेल. गोळ्या जमा होतात `reloadAddTime` ला, बाकीचं ॲनिमेशन नंतर चालू राहतं. आकडा बदलला की धावायला लाग, रिलोड तुटतं आणि गोळ्या राहतात.

पण तिथे बंदूक बदलून कापायच्या भानगडीत पडू नकोस. १.६ मध्ये बंदूक ठेवायला वेळ लागत नाही म्हटलं ना, तिथे लागतो: `dropTime` ठेवायला, `raiseTime` काढायला. जाऊन परत यायचं तर दोन्ही दोनदा. धावून कापलं तर फक्त `sprintOutTime` मोजावा लागतो. आणि स्लाइट ऑफ हँडचा पर्क घेतलास तर रिलोड निम्म्यावर येतं, `perk_weapReloadMultiplier` मूळचा ०.५ असतो, पण बंदूक काढायचा वेळ तेवढाच राहतो. म्हणजे पर्क असताना कापायला उरतंच थोडं. पर्क लावून वर सवयीने दोनदा बंदूक बदलणारे उलट उशीर करून घेतात.

येळ्ळूर_सर

मुलगा हे वाचून म्हणतोय शॉटगनचं राहिलं. ती एकेक करून भरते म्हणे.

उद्यमबाग_फिटर

बरोबर म्हणतोय सर. १.६ ची एम३ एकेक काडतूस घेते, आणि आत गेलेलं आपलं. मधेच ट्रिगर दाबला तर भरणं थांबून गोळी सुटते. तिथे वरचा सगळा हिशोब लागू नाही. तीन भरली आणि शत्रू आला, तर तीन आहेत. Q ला हातही लावू नये.

निपाणी_स्वाती

भावाने फोन दिला! पण एक अडचण: फायर दाबून ठेवलं तर रिलोड संपल्यावर लगेच झाडतं, आणि जाळाची पहिली फ्रेम सायलेन्सर लावल्यामुळे दिसतच नाही. काय धरू?

उद्यमबाग_फिटर

सायलेन्सर काढ, भिंतीजवळ उभी राहा. जाळ नाही दिसला तर काउंटर एकने कमी झालेली फ्रेम धर. दोन्हीतलं एकच काहीतरी शेवटपर्यंत धर, मधे बदलू नकोस.

निपाणी_स्वाती

ठीक. आधी मॅग न लावता, मग क्विकड्रॉ लावून, दोन्ही मोजते. आकडे इथेच टाकते.